आगीचे वर्ग आणि अग्निशामक सिलिंडरची निवड

काय पेटले आहे, यावरून आगीचे वर्ग ठरतात आणि त्या वर्गावरून कोणता हाती अग्निशामक सिलिंडर उचलायचा हे ठरते. आग मोठी की लहान, याचा या वर्गवारीशी संबंध नाही. सुवाह्य सिलिंडर मुळात आगीच्या पहिल्या एक-दोन मिनिटांसाठीच असतो. लाकूडकाम भरपूर असलेल्या जुन्या वास्तूत आग छतापर्यंत गेली की तो कामाचा उरत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, ती आग अशाच स्वरूपाची होती.

लाकूड, कापड, कागद, उसाचे चिपाड अशा जळल्यावर निखारे राहणाऱ्या घन पदार्थांची आग ‘अ’ वर्गात मोडते. सिलिंडरवर हा वर्ग A या अक्षराने दाखवतात. येथे पाणी सर्वांत चांगले, कारण ते निखाऱ्याच्या आतपर्यंत जाऊन त्याला थंड करते. गुऱ्हाळावर चिपाडाचा ढीग पेटला, तर वरची ज्वाला विझली म्हणून थांबता येत नाही. ढीग उपसून आतला भाग भिजवावा लागतो. पेट्रोल, डिझेल, थिनर, रंग यांसारख्या ज्वलनशील द्रवांचा वर्ग B, स्वयंपाकाच्या गॅससारख्या वायूंचा C आणि मॅग्नेशियमसारख्या धातूंचा D. स्वयंपाकाच्या तेला-तुपाच्या आगीला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात F हे स्वतंत्र अक्षर आहे. अमेरिकेत मात्र C म्हणजे विजेची आग आणि K म्हणजे स्वयंपाकघरातील तेलाची. त्यामुळे इंटरनेटवरचा अमेरिकी तक्ता पाहून सिलिंडर विकत घेणाऱ्याची हमखास गल्लत होते. सिलिंडरच्या अंगावर अक्षरासोबत चित्रही असते. ते पाहून घ्यावे.

तेलाचा वर्ग वेगळा का करावा लागला, हे समजण्यासाठी फरसाणाच्या दुकानातील पंधरा लिटर तेलाची कढई घेऊ. भजी किंवा शेव १७० ते १९० अंश सेल्सिअस तापमानाला तळली जाते. घाणा काढून झाल्यावर भट्टी तशीच मोठी राहिली, तर तेल तापत जाते, २३० अंशांच्या आसपास त्यातून सतत धूर निघू लागतो, तो दाट आणि डोळ्यांना झोंबणारा होतो आणि तेल साधारण ३५० अंशांच्या घरात पोहोचले की कोणतीही ठिणगी न लागता आपोआप पेट घेते. दाट धूर हीच शेवटची सूचना असते आणि त्या क्षणी नुसता गॅस बंद केला तरी पुढचे सगळे टळते.

अशा पेटलेल्या कढईत कोणी घाबरून पेलाभर पाणी ओतले, तर काय होते ते क्रमाने पाहावे. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते पृष्ठभागावर न राहता खाली बुडते. तेथे त्याच्या भोवती त्याच्या उत्कलनबिंदूच्या तिपटीहून अधिक तापलेले तेल असते, त्यामुळे ते बुडताबुडताच वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १,७०० पट होते. म्हणजे २०० मिलिलिटर पाण्याची निदान ३४० लिटर वाफ, आणि तीही निमिषार्धात. ही वाफ वर येताना डोक्यावरचे तेल बारीक थेंबांच्या फवाऱ्यात उडवून देते. कढईत असताना तेलाचा फक्त वरचा थर हवेच्या संपर्कात होता. आता प्रत्येक थेंबाला चहूबाजूंनी हवा मिळते, थेंब मुळातच पेटण्याइतके तापलेले असतात आणि सगळा फवारा एकदम पेटून आगीचा लोळ छताला भिडतो. पाणी कमी पडले म्हणून असे होत नाही. पाणी ओतले म्हणूनच होते. पाणी गळणारे ओले पोते कढईवर टाकण्याची सवय याच कारणासाठी सोडली पाहिजे.

पेट्रोलवर पाणी अपयशी ठरते ते थोड्या वेगळ्या कारणाने. पेट्रोल एवढे तापलेले नसते, पण पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते पाण्यावर तरंगत, जळत जळत गटारापर्यंत किंवा शेजारच्या गाडीखाली पसरते. तेथे फेसाचा सिलिंडर उत्तम काम करतो, कारण फेसाचा थर पृष्ठभाग झाकून वाफ वर येऊ देत नाही. कारखान्याच्या आसवनीतील स्पिरिट मात्र पाण्यात मिसळते आणि साध्या फेसाचा थर फोडते, म्हणून तेथे अल्कोहोलला टिकणारा खास फेस लागतो.

पेट्रोलला चालणारा फेस कढईला चालेल, हा समज घातक आहे. साध्या फेसात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे तापलेल्या तेलात त्याचेही वर सांगितल्याप्रमाणेच होते. कोरड्या पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ज्वाला क्षणात पाडतो, पण तेल थंड करत नाही. सिलिंडर रिकामा होतो, तेल अजून ३५० अंशांवरच असते आणि हवा लागताच पुन्हा भडकते. शिवाय या सिलिंडरांचा झोत जवळून मारला, तर तेल कढईबाहेर उडते.

F वर्गाच्या सिलिंडरमध्ये पोटॅशियमच्या क्षारांचे द्रावण असते. त्यातही पाणी आहे, पण लांब नळीच्या टोकाच्या फवारणीतून ते इतक्या बारीक थेंबांत आणि इतक्या हळुवार पडते की थेंब बुडण्याआधी पृष्ठभागावरच वाफ होऊन तेलाची उष्णता घेतो, तर क्षार तापलेल्या तेलाशी संयोग पावून साबणाचा जाड फेस तयार करतो. हा थर हवा अडवतो आणि त्याखाली तेल निवत जाते. दीड-दोन मीटर अंतरावरून, सिलिंडर संपेपर्यंत फवारत राहावे. ज्वाला दिसेनाशी झाली म्हणून मध्येच थांबू नये.

असा सिलिंडर जवळ नसेल आणि ज्वाला कढईपुरतीच असेल, तर आधी गॅसचा कॉक बंद करावा, मग कढईच्या तोंडापेक्षा मोठी कोरडी परात आपल्या बाजूने ढालीसारखी धरून पुढे सरकवत कढईवर ठेवावी. परात उचलून पाहण्याचा मोह टाळावा. एवढ्या तेलाला निवायला तासभरही लागतो. जळती कढई हलवू नये. बाहेर नेताना हिंदकळलेले तेल नेणाऱ्याच्याच अंगावर येते. ज्वाला छताला किंवा धुराड्याला लागली असेल, तर सर्वांना बाहेर काढून १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला बोलवावे.

गॅसगळतीच्या आगीत आधी वायूचा पुरवठा तोडणे, हाच खरा उपाय आहे. पुरवठा चालू ठेवून पावडरने ज्वाला विझवली, तर हवेपेक्षा जड असलेला हा गॅस जमिनीलगत साचतो आणि पुढच्या ठिणगीला स्फोट होतो. विजेच्या उपकरणांना भारतीय पद्धतीत वेगळे अक्षर नाही: वीज तोडावी आणि कार्बन डायऑक्साइड वापरावा, जो मागे काही शिल्लक ठेवत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात मॅग्नेशियमचा चुरा पेटला, तर पाण्यातून हायड्रोजन सुटतो आणि कार्बन डायऑक्साइडमध्येही तो धातू जळतच राहतो. त्यासाठी D वर्गाची विशेष पावडरच लागते.

पावडर, फेस आणि F वर्गाच्या दाबयुक्त सिलिंडरवरील काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे महिन्यातून एकदा पाहावे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो. तो वजन करूनच तपासावा लागतो आणि आतील वायूचे वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले असेल, तर पुन्हा भरून घ्यावा लागतो. तळणीच्या जागी सिलिंडर भट्टीच्या मागच्या भिंतीवर न टांगता दाराजवळ टांगावा, म्हणजे तो काढण्यासाठी ज्वालेवरून हात न्यावा लागत नाही.