पार्श्वभूमी : साइनच्या घातामागचा ‘वॉलिस’

मुंबईत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ‘वॉलिस लाव’ म्हटलं की पोरं लगेच खाली उतरणारे आकडे मांडतात. शून्य ते π/2 या मर्यादांत sin⁶x च्या इंटिग्रलचं उत्तर ५/६ × ३/४ × १/२ × π/2, म्हणजे 5π/32. घात ७ असेल तर ६/७ × ४/५ × २/३, म्हणजे १६/३५. तिथे π/2 चिकटवला की मार्क गेले.

गोंधळ नावातच आहे. गणिताच्या पुस्तकांत ‘वॉलिस’ म्हणजे π/2 चा अनंत गुणाकार: २/१ × २/३ × ४/३ × ४/५ × ६/५ × ६/७… आपल्याकडे मात्र तेच नाव वरच्या सांत सूत्राला चिकटलं आहे. माझ्या मते ते चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. इंग्रज गणितज्ञ जॉन वॉलिस यांच्या १६५६ च्या मूळ कामात साइनचं इंटिग्रल नाहीच. त्यांना वर्तुळाच्या चतुर्थांशाचं क्षेत्रफळ हवं होतं, म्हणजे शून्य ते एकमध्ये (1−x²)^(1/2). घात ०, १, २, ३ घेतले की १, २/३, ८/१५, १६/३५ मिळत होते. हवं होतं ते १ आणि २/३ यांच्या मधलं. पुढच्या पदाकडे नेणारा गुणाकाराचा क्रम मधल्या पदांनाही लागू पडेल असं धरून ते काढलं. π हे चिन्ह १७०६ चं, म्हणून अज्ञात संख्येसाठी चौकोन काढला होता. नुसत्या नमुन्यावर विसंबल्याबद्दल समकालीनांनी टीका केली, आणि ती रास्तच होती.

x = cos θ ठेवा: (1−x²)^k चं sin^(2k+1)θ होतं. म्हणजे ती यादी साइनच्या विषम घातांची, आणि मधली जागा सम घातांची. तो क्रम दोन्हीकडे का चालतो, हे रिडक्शन सांगतं. एक sin x वेगळा काढून बाय पार्ट्स केलं की बाहेरचं पद दोन्ही टोकांना शून्य होतं, कारण एकीकडे cos शून्य, दुसरीकडे sin. शून्य ते π/2 मधल्या sin^n x च्या इंटिग्रलला I_n म्हटलं, तर उरतं ते:

I_n = ((n−1)/n) · I_(n−2)

उडी दोनची, म्हणून सम घात I_0 = π/2 वर थांबतो, विषम I_1 = 1 वर. वरची मर्यादा π/4 केली की बाहेरचं पद उरतं आणि हा गुणाकार मोडतो. परीक्षेतला सापळा बहुधा हाच असतो.

अनंत गुणाकाराची सिद्धताही यातूनच निघते. या पट्ट्यात sin x एकाहून मोठा नाही, म्हणून I_7 < I_6 < I_5, म्हणजे १६/३५ < 5π/32 < ८/१५. त्यातून π २.९२ च्या वर आणि ३.४२ च्या खाली सापडतो. घात वाढवला की ही फट मिटते, पण इतकी सावकाश की π मोजायला हा रस्ता कुणी धरत नाही.

पुढे बीटा-गॅमा फंक्शन शिकवतात तेव्हा n पूर्णांक असण्याचीही अट सुटते. मधली पदं शोधण्याचा १६५६ मधला तो खटाटोप तिथे रीतसर बसतो.