'जर' की 'मुळीच नाही'? ग्रीक 'एइ' वाचताना

"घरात काडी इकडची तिकडे करेल तर शपथ!" या वाक्यात 'नाही' हा शब्द कुठेच नाही. तरी तो माणूस घरात काहीच करत नाही, हे कुणाही मराठी माणसाला लगेच कळतं. बायबलमधल्या नव्या कराराच्या ग्रीकमध्ये जवळजवळ अशीच एक रचना आहे. ती ओळखता आली नाही, तर भाषांतरात अर्थ हरवतो किंवा उलटा होतो.

मार्क ८:१२ पाहा. परूशी येशूकडे स्वर्गातून चिन्ह मागतात. त्याच्या उत्तराचं शब्दशः मराठी असं होईल: 'आमेन, मी तुम्हांला सांगतो, जर या पिढीला चिन्ह दिलं जाईल.' वाक्य इथेच संपतं. ग्रीकमधला शब्द आहे 'एइ', म्हणजे 'जर'. पण 'तर' काय, ते येतच नाही. मत्तयात (१६:४) याच उत्तरात अशी अधांतरी 'जर'ची रचना नाही, सरळ नकार आहे: योनाच्या चिन्हाखेरीज चिन्ह दिलं जाणार नाही. मार्कलाही नकारच द्यायचाय, फक्त त्याच्या ग्रीकखाली हिब्रू शपथ आहे.

ती शपथ पूर्ण रूपात २ राजे ६:३१ मध्ये दिसते. शोमरोनला वेढा पडलेला, शहरात उपासमार, आणि संतापलेला राजा म्हणतो: आज अलीशाचं डोकं धडावर राहिलं, तर देव माझं तसं करो आणि त्याहून अधिक करो. म्हणजे डोकं राहू देणार नाही. अशा शपथेतला शापाचा भाग बोलताना अनेकदा गळायचा आणि नुसतं 'इम', म्हणजे हिब्रू 'जर', उरायचं. हिब्रू शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात, सेप्टुआजिंटमध्ये, या 'इम'च्या जागी बऱ्याच ठिकाणी सरळ 'एइ' आलं. तिथूनच ही लकब नव्या करारात उतरली.

आता नेहमीचं ग्रीक 'एइ' त्याच मार्कमध्ये बघू. ३:२ मध्ये लोक येशूवर नजर ठेवून आहेत, तो शब्बाथ दिवशी बरं करतो 'का', हे बघायला. क्रियापद भविष्यकाळी आहे, म्हणजे वरवर ८:१२ सारखंच. पण आधी 'नजर ठेवणं' हे क्रियापद आहे आणि 'एइ' त्याला लटकलेलं आहे. १४:२९ मध्ये पेत्र म्हणतो, सगळे अडखळले तरी मी नाही. इथेही भविष्यकाळ आहे, पण अटीचा दुसरा भाग जागेवर आहे. म्हणून नुसत्या काळावरून निवाडा करू नये. आधी विचारणं, पाहणं असं क्रियापद आहे का? पुढे 'तर'चा भाग आहे का? दोन्ही नसतील आणि आधी शपथ किंवा 'आमेन, मी सांगतो' असेल, तर तो हिब्रू नकार समजावा.

याचा सगळ्यात भक्कम पुरावा इब्रीकरांस पत्राच्या लेखकानेच ठेवलाय. ३:११ मध्ये तो स्तोत्र ९५ मधली, रानात हट्टी झालेल्या इस्राएल लोकांबद्दलची देवाची शपथ 'एइ'सकट उद्धृत करतो: 'ते माझ्या विसाव्यात येतील तर.' पुढे ३:१८ मध्ये तीच शपथ तो स्वतःच्या शब्दांत सांगतो आणि तिथे ग्रीक नकार 'मे' वापरतो: ते येणार नाहीत, अशी शपथ. तरीही १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात ३:११ ला 'येणार नाहीत' आहे, आणि ४:३ ला त्याच शब्दांसाठी अधांतरी 'जर ते येतील'. दुसऱ्या ठिकाणी शपथेतला नकार वाचकाला कळणं अवघड झालं.

मग मराठीत 'येतील तर शपथ!' का लिहू नये? रचना सुंदर जुळते, मलाही मोह होतो. पण आपलं 'तर शपथ' वैतागाचं, घरगुती आहे. रागाने शपथ वाहणाऱ्या देवाच्या तोंडी ते हलकं वाटतं. नुसतं 'येतील तर...' लिहिलं, तर धमकी अर्धवट सोडल्यासारखी वाटते. 'ते माझ्या विसाव्यात मुळीच येणार नाहीत' हेच बरं.

उलट फसवणूकही होते. इब्री ६:१४ मध्ये 'एइ मेन' येतं. आधी एवढं वाचलेला माणूस इथेही हिब्रू 'इम' शोधायला जातो. पण हे ग्रीकांचं स्वतःचं शपथेचं अव्यय आहे, 'ए मेन', म्हणजे 'खचित'. फक्त पहिल्या अक्षराचं लेखन बदललंय, आणि इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवरच्या साध्या व्यवहारी शपथांतही ते तसंच आढळतं. इथे नकाराचा प्रश्नच येत नाही. हिब्रू आहे ते त्याच ओळीत लगेच पुढे: 'आशीर्वाद देत देत आशीर्वाद देईन'. एकच धातू दोनदा आणून जोर देण्याची ही हिब्रू रीत, उत्पत्ती २२:१७ मधून आलेली. तिला मात्र मराठीत घरचं रूप मिळतं: 'खचित मी तुला आशीर्वाद देईनच देईन.'