दोन टिचक्यांत आत, नऊ पडद्यांनी बाहेर

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या मावशीने नातवासाठी इंग्रजी शिकवणारं एक अ‍ॅप घेतलं होतं. सात दिवस फक्त दोन रुपये, अशी जाहिरात होती. तिने दोनदा बोट टेकवलं, यूपीआय पिन टाकला आणि धडे सुरू झाले. नातवाला चार दिवसांत कंटाळा आला, म्हणून तिने अ‍ॅप काढून टाकलं. तीन महिन्यांनी पासबुक भरून आणलं, तेव्हा दर महिन्याला २९९ रुपये गेलेले दिसले. "अरे, मी तर डिलीट केलं की!" ती म्हणाली.

गोंधळ इथेच होतो. त्या दिवशी पिन टाकून तिने दोन रुपये तर दिलेच, शिवाय दर महिन्याला ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम कापण्याची परवानगीही दिली. या परवानगीला मॅन्डेट म्हणतात. त्याची नोंद बँक आणि यूपीआयच्या यंत्रणेत असते, फोनमधल्या अ‍ॅपमध्ये नसते. म्हणून अ‍ॅप गेलं तरी मॅन्डेट राहतं. पिन टाकण्याआधीच्या पडद्यावर कमाल रक्कम, किती दिवसांनी कापणार आणि कधीपर्यंत, हे सगळं लिहिलेलं असतं. पण तिथे डोळ्यांत भरतो तो दोनचा आकडा.

आम्ही अ‍ॅप पुन्हा घेतलं आणि सदस्यत्व बंद करायला बसलो. मी वहीत एकेक पडदा लिहीत गेलो. प्रोफाइल, मग सेटिंग, मग मदत. मदतीत प्रश्नांची लांबलचक यादी होती आणि तिच्या तळाशी पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांत 'योजना पाहा'. 'बंद करा' हे शब्द तोवर कुठेच आले नव्हते. पुढे का सोडताय याची प्रश्नावली, मग निम्म्या किमतीची सवलत, मग 'एक महिना थांबवा'. हा थांबा फसवा असतो, कारण महिन्याने कापणी आपोआप पुन्हा सुरू होते. आठव्या पडद्यावर 'हो, मुलाची प्रगती थांबली तरी चालेल' असं बटण होतं. मावशीचं बोट तिथे खरंच अडखळलं. नवव्यावर 'रद्द करा' आणि 'पुढे जा' अशी दोन बटणं होती. रंगीत, मोठं 'रद्द करा' दाबलं असतं, तर सदस्यत्व रद्द करण्याची प्रक्रियाच रद्द झाली असती!

एकेक पडदा पाहिला तर त्यात अशक्य असं काही नाही. परिणाम होतो तो गुणाकाराने. समजा, प्रत्येक पडद्यावर दहातला एकच माणूस कंटाळून परत फिरतो. शंभर जण निघाले तर पहिल्या पडद्यानंतर नव्वद उरतील, दुसऱ्यानंतर एक्याऐंशी, आणि नवव्यानंतर जेमतेम एकोणचाळीस. बाकी एकसष्ट जण नको असलेल्या गोष्टीचे पैसे देत राहतील. अशा मुद्दाम पेरलेल्या कटकटीला अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी 'स्लज', म्हणजे गाळ, म्हटलं आहे.

त्यामुळे ओळखण्याची माझी रीत साधी आहे. आत यायला किती टिचक्या लागल्या आणि बाहेर पडायला किती, हे मोजायचं. शिवाय बटणावरचा मजकूर पूर्ण वाचायचा आणि स्वतःला विचारायचं, हे दाबल्यावर नेमकं काय थांबेल? सदस्यत्व, की ते बंद करण्याचं काम?

वाट सापडलीच नाही तर मागचं दार आहे. ज्या यूपीआय अ‍ॅपवरून पैसे दिले, त्याच्या प्रोफाइलमध्ये `AutoPay` किंवा `Mandates` शोधा. तिथे चालू परवानग्या दिसतात. हवी ती उघडून `Revoke` किंवा `Cancel` निवडायचं आणि पिन टाकायचा. पिन मागितल्यावर मावशी घाबरली, पैसे जातील म्हणून. इथे पिन परवानगी मागे घेण्यासाठी असतो, मात्र टाकण्याआधी पडद्यावर तेच लिहिलंय ना, हे वाचायला हवं. या उपायाला एक मर्यादा आहे. त्याने कापणी थांबते, करार संपतोच असं नाही. वर्षभराचं बंधन मान्य केलं असेल तर कंपनी बाकी मागू शकते. म्हणून अ‍ॅपमधलं सदस्यत्वही बंद करावं आणि शेवटच्या पडद्याचा स्क्रीनशॉट ठेवावा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. मावशीच्या फोनवर तिन्ही वेळा ती आली होती, जाहिरातींच्या मेसेजमध्ये बुडून गेली होती. आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' हा तेरा डार्क पॅटर्नपैकी, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीच्या प्रकारांपैकी, एक म्हणून नोंदवला आहे. रद्द करण्याचा पर्याय लपवणं आणि ती प्रक्रिया लांबलचक करणं, दोन्ही त्यात येतं. माणसाला लाजवणारं ते आठव्या पडद्यावरचं बटणही याच यादीत वेगळं नोंदवलेलं आहे.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आम्ही तक्रार नोंदवली, ती वहीतल्या नऊ पडद्यांच्या यादीवरून आणि स्क्रीनशॉटवरून. पुढच्या महिन्याची ती २४ तास आधीची सूचना मावशीच्या फोनवर आली नाही.