रंग कंपनीचा होता तेव्हा

कोल्हापुरात नोकरीसाठी बाईने चेहरा रंगवायला सुरुवात झाली ती सिनेमामुळे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली आला आणि त्यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी कामे केली. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, तो काळा उमटे. ओठ, गालांची लाली, त्वचेवरचे डाग सगळे काळपट यायचे, म्हणून रंगभूषा हा कामाचाच भाग होता. रंगपट कंपनीचा, रंगही कंपनीचा. गावाच्या लेखी मात्र तोंडाला रंग लावणारी बाई घरंदाज नव्हे.

पुढे हा रंग घरात आला. परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन जाऊ नये म्हणून टाटांनी १९५२ साली ‘लॅक्मे’ काढली. मग हवाईसुंदरी, मग मॉल आणि शोरूम. नावे ठेवणारे गाव आता रंग न लावलेल्या चेहऱ्याला नावे ठेवू लागले, आणि रंगाचा खर्च कंपनीकडून कधी बाईकडे सरकला ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

अमेरिकेत एकीच्या ते लक्षात आले. रेनो शहरातल्या हाराज कॅसिनोत डार्लिन जेस्परसन सुमारे वीस वर्षे बारवर काम करत होत्या. २००० साली नियम झाला की बायकांनी फाउंडेशन किंवा पावडर, ब्लश, मस्करा आणि लिपस्टिक लावलीच पाहिजे. पुरुषांनी केस आखूड आणि नखे स्वच्छ ठेवायची. जेस्परसन यांनी नकार दिला, नोकरी गेली. २००६ साली अपील कोर्टातही त्या हरल्या. मेकअपला किती पैसे आणि किती वेळ लागतो याचा पुरावाच त्यांनी दिलेला नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. (रोज आरशासमोर उभे राहणाऱ्या कुठल्याही बाईला विचारले असते तरी चालले असते.)

तो हिशेब मी माझ्या भाचीचा मांडला. ती एका दागिन्यांच्या शोरूममध्ये काउंटरवर असते, पगार बारा हजार. फाउंडेशन पाचशेचे, दोन महिने पुरते. लिपस्टिक, काजळ, कॉम्पॅक्ट, रिमूव्हर आणि महिन्यातून दोनदा आयब्रो धरून महिन्याला साडेसहाशे जातात, म्हणजे पगाराच्या विसाव्या हिश्शाहून थोडे जास्तच. सकाळी पंचवीस मिनिटे, रात्री पुसायला दहा. सव्वीस दिवसांचे पंधरा तास होतात, जवळजवळ दोन पाळ्या.

तिच्या नेमणूकपत्रात यातले एक अक्षर नाही. तिथे फक्त ‘नीटनेटका पोशाख’ आहे. “मावशी, एक दिवस लिपस्टिक नाही लावली तर मॅडम सगळ्यांसमोर विचारतात, बरं नाही काय गं आज?” ती सांगते. लेखी असते तर बोट ठेवून भांडता आले असते.

जुलैत कोल्हापूरचा पाऊस असतो. हेल्मेट, रेनकोट काढेपर्यंत काजळ खाली उतरलेले असते. मग ती पावणेदहालाच पोचते, बाथरूममध्ये तोंड पुन्हा करते आणि दहाला मशीनवर अंगठा लावते. हजेरी तिथून सुरू होते.