कबुलीजबाब आणि निवेदन पंचनामा : पडद्यावरचा व प्रत्यक्षातला

मुंबईच्या पोलीस तपासावरच्या चित्रपटांमध्ये कथेचा कळस बहुतेक वेळा एकाच खोलीत होतो. आरोपी खुर्चीला बांधलेला असतो, वर एकच दिवा लोंबत असतो, अधिकारी बाह्या सारतो आणि थोड्या वेळाने आरोपी म्हणतो, "हो, मीच मारलं." तिथेच केस संपते. पोलीस कोठडीत मारहाण होतच नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. कोठडीतील मृत्यूंचे खटले आपल्याकडे उभे राहिले आहेत. चित्रपटाची मोठी चूक पुढची आहे. पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाही. खऱ्या तपासात "मीच मारलं" या वाक्यापाशी काहीच संपत नाही.

हा नियम १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ आणि २६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तो कलम २३ मध्ये आहे. कारण साधे आहे. पोलिसाच्या ताब्यातला माणूस भीतीने काहीही कबूल करील, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले. नियमाला एक दार मात्र ठेवले आहे. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी नवी गोष्ट उघड झाली, तर तिच्याशी थेट संबंध असलेला माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येतो. जुन्या वकिलांच्या तोंडी हे अजून "सत्तावीस"च आहे, कारण जुन्या कायद्यातले ते कलम २७. मुंबईतल्या असंख्य खुनांच्या खटल्यांत या दारातून आलेला पुरावा महत्त्वाचा ठरतो. पडद्यावर त्याची प्रक्रिया क्वचितच दिसते.

एक काल्पनिक प्रकरण घेऊ. कुर्ल्यातल्या एका चाळीत सुऱ्याने भोसकून खून झाला आहे. संशयिताला अटक करून २४ तासांच्या आत न्यायालयापुढे उभे केले आणि पोलीस कोठडी मिळाली. तिसऱ्या दिवशी तो तपास अधिकाऱ्याला सांगतो की, सुरा मी लपवला आहे, दाखवतो. चित्रपटात पुढच्याच दृश्यात जीप सुटते. प्रत्यक्षात अधिकारी आधी हवालदाराला दोन पंच आणायला पाठवतो. पंच म्हणजे त्या गुन्ह्याशी किंवा पोलिसांशी संबंध नसलेली साधी माणसे, जसे दुकानदार, रिक्षावाला किंवा पालिकेचा कर्मचारी. पंच आले की आरोपी त्यांच्यासमोर तीच गोष्ट पुन्हा सांगतो आणि ती त्याच्याच शब्दांत उतरवली जाते. हा झाला निवेदन पंचनामा. त्यावर आरोपीची आणि पंचांची सही घेऊन वेळ टाकतात.

समजा आरोपीचे वाक्य असे आहे : "ज्या सुऱ्याने मी त्याला भोसकलं, तो मी मिठी नदीच्या काठाला पाइपाखाली दगडाआड लपवलाय, दाखवतो." यातले न्यायालयात किती चालेल? १९४०च्या दशकातल्या पुलुकुरी कोटय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, दिलेले उत्तर आजही वापरात आहे. सुरा अमुक जागी लपवला आहे आणि ते आरोपीला माहीत आहे, एवढेच उघड झाले. म्हणून वाक्याचा लपवल्याचा भाग चालतो आणि "ज्या सुऱ्याने मी त्याला भोसकलं" हे शब्द गळतात. सुरा खुनाशी जोडण्याचे काम वेगळ्या पुराव्याने करावे लागते. प्रेक्षकाने एवढा एक भेद लक्षात ठेवला तरी तपासपटांकडे पाहण्याची त्याची नजर बदलेल.

आता जीप निघते. निघाल्याची नोंद स्टेशन डायरीत होते. गाडीत आरोपी रस्ता सांगतो, उतरल्यावर पुढे तो चालतो आणि दगड बाजूला करून सुरा तो काढून देतो. हा क्रम मोडला तर पुरावा डळमळतो. अधिकारी टेपने सुऱ्याची लांबी मोजतो, पाते आणि मूठ वेगळी. डाग कुठे आहेत ते लिहितो. सुरा कागदात गुंडाळून पाकीट बांधतो, त्यावर पंचांच्या सह्यांचे लेबल लावतो आणि लाखेने सील करतो. पोलीस ठाण्यात ते पाकीट मुद्देमाल कारकुनाकडे जाते, नोंदवहीत क्रमांक पडतो आणि मग ते कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत रवाना होते. डॉक्टरांनाही विचारले जाते की, मृताच्या जखमा अशा हत्याराने होऊ शकतात का. नव्या फौजदारी प्रक्रियेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार, झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण करावे लागते. मोबाइलवर केले तरी चालते.

गफलती कुठे होतात, हे बचावाच्या वकिलाच्या उलटतपासणीत उघडे पडते. डायरीत निघण्याची वेळ ५.३० आणि निवेदन पंचनाम्यावर ५.४५ असेल, तर जीप निघाल्यावर निवेदन झाले काय, हा पहिला प्रश्न. तोच पंच आणखी चार गुन्ह्यांत पंच असेल, तर तो पोलिसांचा ठरलेला माणूस आहे, हा दुसरा. जागा पोलिसांना आधीच माहीत होती असे निघाले, तर नवे काही उघडच झाले नाही. मुंबईत भाषेची एक खास अडचण येते. आरोपी भोजपुरी वळणाच्या हिंदीत बोललेला असतो आणि पंचनाम्यात मात्र शुद्ध सरकारी मराठी येते, "सदर इसमाने स्वखुशीने निवेदन केले". मग त्याचे नेमके शब्द कोणते, याचे उत्तर कागदावर राहत नाही. माझ्या मते हा दोष सगळ्यांत वाईट, कारण तो टाळणे फक्त लिहिणाऱ्याच्या हातात असते. २०२२ च्या सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र पंचांपुढे आरोपीच्याच शब्दांत निवेदन नोंदवण्यावर भर दिला आहे.

पोलिसांपुढची कबुली चालण्याचे अपवादही मुंबईशी जोडलेले आहेत. १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटला टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली चालला आणि त्या कायद्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली ग्राह्य होती. संघटित गुन्हेगारीविरोधातल्या १९९९ च्या मकोकातही तशी तरतूद आहे. मुंबईत ते काम पोलीस उपायुक्तांकडे येते. त्यामुळे या दोन कायद्यांखालच्या प्रकरणांवरच्या चित्रपटात कबुलीला वजन दिले असेल, तर ते चूक नाही. एरवी कबुली द्यायचीच असेल तर ती दंडाधिकाऱ्यापुढे. अजमल कसाबची कबुली दंडाधिकाऱ्यांनीच नोंदवली. त्याआधी त्याला विचार करायला वेळ दिला होता. पुढे त्याने ती फिरवली, तरी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ऐच्छिक मानली.

चित्रपट ज्याला वेळ देत नाहीत, तो भाग अनेकदा वर्षांनंतर येतो. पंचाला समन्स जाते. तोवर त्याने घर बदललेले असते, दुकान विकलेले असते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सरकारी वकील सील फोडून कागद उलगडतात आणि विचारतात, हाच तो सुरा का? पंच "आठवत नाही" म्हणाला किंवा फितूर झाला, तर सगळा भार तपास अधिकाऱ्याच्या साक्षीवर येतो. पंचाला आठवले, तरी ते बहुधा सुऱ्यामुळे आठवत नाही. लेबलावरची स्वतःची सही ओळखून तो म्हणतो, "ही माझी."