व्होल्टेज बरोबर आलं तरी मेगर लावाच
"सोलर पॅनलच्या स्ट्रिंगचं व्होल्टेज बरोबर आलं ना, मग मेगर कशाला लावायचा?"

कारण क्लॅम्पखाली चेपलेली वायर व्होल्टमीटरला दिसतच नाही; ती इन्सुलेशन मोजणाऱ्या मेगरलाच सापडते. समजा, स्ट्रिंगमध्ये एकापुढे एक जोडलेले, प्रत्येकी ४९ व्होल्टचे २० पॅनल आहेत. २५ अंशांना ९८० व्होल्ट मिळतात. उन्हात पॅनल ५५ अंशांवर गेले की साधारण ९००. मीटरवर ८५५ आले तर एक पॅनल जोडायचं राहिलंय. आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं तर पोलॅरिटी उलटी. अशी स्ट्रिंग कंबाइनरमध्ये दुसरीशी मुळीच जोडू नका. पण सोललेली वायर फ्रेमला टेकली असली तरी मीटर ९००च दाखवतो! म्हणून इन्व्हर्टरचा आयसोलेटर बंद करून, सर्ज प्रोटेक्टर काढून, १००० व्होल्टवर अर्थशी इन्सुलेशन मोजा. १ मेगओहमपेक्षा कमी आलं, तर दोष सापडेपर्यंत प्लांट चालू करू नका. दव पडलेल्या सकाळी असा दोष जास्त स्पष्ट दिसतो.