चार कॅमेरे, अडीच तासांचं नाटक: फोर-के ठरवण्याआधीचा हिशेब

दोन अंकी नाटकाचं चार कॅमेऱ्यांनी चित्रीकरण करायचं ठरलं, की एचडीत करायचं की फोर-केत हा प्रश्न लगेच समोर येतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा कॅमेरा बघून दिलं जातं. कॅमेऱ्यात फोर-के आहे, मग फोर-केच करूया. खरी अडचण पुढे संकलनाच्या टेबलावर येते, आणि तिचा अंदाज कागद-पेन्सिलने अर्ध्या तासात आधीच काढता येतो.

एचडीची एक फ्रेम १९२० × १०८० पिक्सेलची, म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल. फोर-केची ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. पिक्सेल चौपट झाले, म्हणून डिस्कवरची जागा, मेमरी आणि रेंडरचा, म्हणजे संकलनानंतर अंतिम फाइल तयार होण्याचा, वेळ हे सगळंच चौपट होईल असं समजू नका. तिन्हींचं गणित वेगवेगळं आहे. डिस्कवरची जागा कॅमेऱ्यांची संख्या आणि चित्रीकरणाचे तास यांवर वाढते. मेमरीला नाटक किती लांब आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं; एका क्षणी किती फ्रेम उघड्या आहेत, एवढंच ती बघते. रेंडरचा वेळ तयार कार्यक्रमाच्या लांबीवर आणि त्यावर काय प्रक्रिया केली आहे त्यावर जातो, कॅमेरे किती होते याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही.

आधी डिस्क पाहू. फाइलचा आकार पिक्सेल मोजून काढायचा नसतो, तो बिटरेटवरून काढायचा असतो. एका सेकंदाला किती मेगाबिट लिहिले जातात, हा तो आकडा. त्याला ०.४५ ने गुणलं की तासाला किती जीबी लागतील ते मिळतं. हे ०.४५ येतं असं: तासाचे ३६०० सेकंद, आठ बिटचा एक बाइट आणि हजार एमबीचा एक जीबी. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत फोर-के १०० मेगाबिटवर आणि एचडी ५० मेगाबिटवर नोंदवता येतं. म्हणजे फोर-केला तासाला ४५ जीबी आणि एचडीला साडेबावीस. पिक्सेल चौपट असले तरी फाइल दुप्पटच, कारण फोर-केत दर पिक्सेलमागे कॅमेरा कमी माहिती लिहितो.

कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतला आकडा वरची मर्यादा असतो. आपल्या कॅमेऱ्याचा खरा आकडा हवा असेल, तर रंगमंचासारख्या प्रकाशात मिनिटभर चित्रीकरण करून ती फाइल तपासावी:

```
ffprobe -v error -show_entries format=duration,bit_rate -of default=nw=1 C0001.MP4
```

उत्तरात `bit_rate=98214300` असं काही आलं, तर ते सेकंदाला ९८.२ मेगाबिट झाले. ०.४५ ने गुणून तासाला ४४ जीबी.

आता नाटक. अडीच तासांचा प्रयोग असला तरी कॅमेरे पडदा उघडण्याआधी सुरू होतात आणि मध्यंतरातही अनेकदा चालूच ठेवले जातात, म्हणजे मागाहून अँगल एकमेकांशी जुळवायला सोपं जातं. म्हणून दर कॅमेऱ्याला तीन तास धरू. चार कॅमेरे, तीन तास, तासाला ४५ जीबी: ५४० जीबी. बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो, आणि डिस्क पुढच्या पायरीवर भरते.

कारण मूळ फाइल हा एकूण जागेचा जेमतेम तिसरा हिस्सा असतो. चारही अँगल एकाच वेळी बघत संकलन करायला हलक्या प्रती लागतात, त्यांना प्रॉक्सी म्हणतात. त्या एचडी आकारात ‘प्रोरेस प्रॉक्सी’ या कोडेकमध्ये, म्हणजे चित्र दाबून लिहिण्याच्या पद्धतीत, केल्या, तर सेकंदाला ३८ मेगाबिट, म्हणजे तासाला १७ जीबी आणि बारा तासांच्या चित्रणाला सुमारे २०५ जीबी. अंधाऱ्या प्रवेशांवर नॉइज, म्हणजे चित्रातले रवाळ ठिपके, काढण्याची प्रक्रिया केली, की ती पुन्हा पुन्हा करावी लागू नये म्हणून सॉफ्टवेअर तयार फ्रेम डिस्कवर साठवतं. असे प्रवेश अर्ध्या तासाचे असतील आणि साठवण फोर-के ‘प्रोरेस ४२२ एचक्यू’मध्ये असेल, तर १६६ जीबी. शेवटचा मास्टर, म्हणजे पूर्ण दर्जाची तयार प्रत, ‘प्रोरेस ४२२’मध्ये सेकंदाला ४९२ मेगाबिट, म्हणजे अडीच तासांचे ५५३ जीबी. इंटरनेटवर चढवायची ४५ मेगाबिटची प्रत आणखी ५० जीबी. बेरीज १५१४ जीबी. मूळ फाइलींचा बॅकअप यात धरलेला नाही; तो वेगळ्याच डिस्कवर असायला हवा आणि त्याचे ५४० जीबी वेगळे.

हेच सगळं एचडीत केलं तर मूळ २७०, साठवण ४१, मास्टर १३७ आणि इंटरनेटची प्रत ९. एकूण ४५७ जीबी, आणि प्रॉक्सीची गरज बहुधा पडतही नाही. म्हणजे एचडीचं काम १ टीबीच्या डिस्कवर आरामात बसतं, तर फोर-केला २ टीबी लागतात. विंडोज २ टीबीची डिस्क सुमारे १८६३ जीबी दाखवतं, कारण ते १०२४ च्या पटीत मोजतं. म्हणून आपले १५१४ त्याच्या मोजणीत १४१० होतात. डिस्क काठोकाठ भरू नये, हे लक्षात घेतलं तर उरलेली जागा फार नाही.

जागेइतकाच डिस्कचा वेगही बघावा लागतो. चार अँगल एकदम चालवायचे म्हणजे १०० मेगाबिटचे चार प्रवाह, सेकंदाला ५० एमबी. फिरत्या तबकडीची बाहेरची हार्ड डिस्क एकच मोठी फाइल शंभरावर एमबीच्या वेगाने वाचते. पण चार फाइली एकदम मागितल्या, की तिचं हेड एका जागेवरून दुसरीकडे धावत राहतं आणि वेग कोसळतो. एकच अँगल चालवताना चित्र सुरळीत आणि चारही लावल्यावर अडखळतं, असं दिसलं की दोष इथे असण्याची शक्यता मोठी. त्याच फाइली एसएसडीवर टाकून बघितलं की दोष डिस्कचा आहे की प्रोसेसरचा ते कळतं.

मेमरीत फाइलचा आकार निरुपयोगी ठरतो. पडद्यावर दिसण्याआधी फ्रेम पूर्ण उलगडावी लागते, मग ती कितीही दाबून लिहिलेली असो. साध्या रूपात फोर-केची एक फ्रेम ३३ एमबी होते. चार अँगल, आणि सॉफ्टवेअरने पुढच्या एका सेकंदाच्या २५ फ्रेम आधीच उलगडून ठेवल्या, तर ३.३ जीबी. एचडीत हेच ८३० एमबी. इथे मात्र वाढ खरोखर चौपट आहे. प्रॉक्सी वापरण्याचं मोठं कारण हेच.

रंग सुधारताना आकडे आणखी चढतात. अचूकतेसाठी सॉफ्टवेअर दर रंगाला ३२ बिट देतं, त्यामुळे फोर-केची एक फ्रेम १३३ एमबी होते. नॉइज काढण्याच्या ज्या पद्धतीत मागच्या-पुढच्या दोन-दोन फ्रेमशी तुलना होते, तिला एका वेळी पाच फ्रेम लागतात, म्हणजे ६६५ एमबी. वर मधल्या टप्प्यांच्या प्रती. हे सगळं ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावायला हवं, संगणकाची ३२ जीबी रॅम इथे कार्डाच्या जागी चालत नाही. ४ जीबीच्या कार्डावर काम काठावर येतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये `Dedicated GPU memory` भरून `Shared GPU memory` चढायला लागली, की कार्डातली जागा संपली आहे. त्यानंतर वेग हळूहळू कमी होत नाही, एकदम पडतो. काही सॉफ्टवेअर तर संदेश दाखवून रेंडर थांबवतात. म्हणून फोर-केचा निर्णय घेताना आधी कार्डाची मेमरी बघावी असं माझं मत आहे. डिस्क नंतर आणखी घेता येते, लॅपटॉपमधलं कार्ड बदलता येत नाही.

रेंडरचा वेळ काढायला चाचणीशिवाय मार्ग नाही, पण चाचणी नीट करावी लागते. अडीच तासांच्या, सेकंदाला २५ फ्रेमच्या नाटकात २,२५,००० फ्रेम असतात. एका क्षणी एकच अँगल दिसतो, त्यामुळे रेंडर करताना बाकीच्या तीन कॅमेऱ्यांच्या फाइली जवळपास उघडाव्याच लागत नाहीत. समजा, साध्या प्रवेशांवर चाचणीत सेकंदाला ४० फ्रेम तयार झाल्या आणि नॉइज काढलेल्या अंधाऱ्या प्रवेशांवर फक्त ४. साधा भाग दोन तासांचा, १,८०,००० फ्रेमचा. त्याला ४५०० सेकंद, म्हणजे सव्वा तास. अंधारा भाग अर्ध्याच तासाचा, ४५,००० फ्रेमचा. त्याला ११,२५० सेकंद, म्हणजे तीन तास सात मिनिटं. एकूण चार तास बावीस मिनिटं.

इथे फार जण वेगांची सरासरी काढतात. ऐंशी टक्के भाग ४० च्या वेगाने आणि वीस टक्के ४ च्या, म्हणून सरासरी ३२.८, म्हणून दोन तासांच्या आत काम होईल. हा अंदाज निम्म्याहूनही कमी निघाला. वेगांची सरासरी काढायची नसते, प्रत्येक भागाला लागणाऱ्या वेळेची बेरीज करायची असते. सर्वांत जड प्रवेश लांबीने लहान असला तरी वेळेचा मोठा वाटा तोच खातो, म्हणून चाचणीसाठी तो आधी निवडावा.

चाचणी मिनिटभराची पुरत नाही. लॅपटॉप सुरुवातीला पूर्ण वेगाने धावतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. पंधरा मिनिटं रेंडर चालू ठेवून शेवटच्या पाच मिनिटांचा वेग धरावा. आणि नाटकाचे अंक वेगवेगळे रेंडर करावेत, म्हणजे दुसऱ्या अंकात काही बिघडलं तरी पहिला हातात राहतो.

या आकड्यांवरून माझी निवड सरळ आहे. पूर्ण रंगमंच दाखवणारा मधला कॅमेरा फोर-केत, बाकीचे तीन एचडीत, आणि टाइमलाइन एचडीची. मधल्या कॅमेऱ्याचं चित्र अर्ध्या रुंदीपर्यंत कापलं तरी एचडीची धार राहते, त्यामुळे एखाद्या कॅमेऱ्याचा फोकस चुकला तर तिथे तो कापलेला तुकडा वापरता येतो. मूळ फाइली ५४० ऐवजी ३३८ जीबीत बसतात, आणि मेमरी व रेंडर यांचा भार एचडीच्या जवळ राहतो. एखाद्या संस्थेला पुढच्या काळासाठी फोर-के मास्टरच हवा असेल, तर चारही कॅमेरे फोर-केत लावणं योग्यच आहे. त्यांनी १५१४ जीबीचा हिशेब धरावा.

नाटकाचे दोन प्रयोग चित्रित करण्याची पद्धतही आहे: पहिल्या प्रयोगाला लांबून, दुसऱ्याला जवळून. फोर-केत मूळ फाइली आणि प्रॉक्सी दुप्पट होतात, आणि एकूण आकडा २२५९ जीबीवर, म्हणजे २ टीबीच्या पलीकडे जातो. आठ अँगल एकदम लावले तर संकलनातली मेमरीही दुप्पट लागते. रेंडरच्या चार तास बावीस मिनिटांत मात्र यामुळे जवळपास काहीच भर पडत नाही. अशा वेळी दुसऱ्या प्रयोगात ज्या प्रवेशांचे क्लोज-अप हवेत, तेवढ्यापुरतेच कॅमेरे चालू करावेत आणि ती यादी दिग्दर्शकाकडून आदल्या दिवशीच लिहून घ्यावी.